चौघींचा हिशेब



आपल्या घरांतील मुले-मुली शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी मुंबईच्या उपनगरांत येतात, तेव्हा आपण जागा पाहतो, शेजार पाहतो, जवळपास मंदिर आहे का याचीही चौकशी करतो. परंतु एका छपराखाली राहणाऱ्या चार अनोळखी माणसांचा रोजचा खर्च कोणत्या नियमाने वाटला जाणार, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. पेढीवर दोन भागीदार एकत्र येण्यापूर्वी आपण भागीदारीपत्र लिहून घेतो. मुलांच्या बिऱ्हाडात मात्र 'सगळे सारखे वाटून घ्या' एवढ्या उपदेशावर काम भागवतो. या एका वाक्यामुळे मोडत आलेले बिऱ्हाड आणि ते सावरणारा एक साधा संदेश, असा या वेळचा विषय आहे.

मुंबईला सामाईक बिऱ्हाड नवे नाही. गिरणगावातील चाळींमध्ये एका गावचे कामगार मिळून एकच खोली घेत, पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने झोपत आणि खानावळीचे पैसे महिन्याच्या महिना चुकते करीत. तेथे गावकी होती, वडीलधारे होते आणि हिशेबाचे नियम गावाहूनच ठरून आलेले असत. आज अंधेरीच्या सदनिकेत एकत्र येणाऱ्या चौघांना बांधणारी अशी गावकी नसते. म्हणून नियम त्यांनाच लिहावे लागतात.

माझी भाची सांगलीची. तिच्या वडिलांची हळदीची अडत आहे. गेल्या जानेवारीत ती नोकरीनिमित्त अंधेरी पूर्वेला आली आणि आणखी तिघींबरोबर दोन शयनगृहांच्या एका सदनिकेत राहू लागली. एक नाशिकची, एक नागपूरची, एक जळगावची. घरात त्या एकमेकींना गावाच्याच नावाने हाका मारतात, म्हणून मीही येथे तेच करतो. भाडे ६०,००० रुपये, अनामत २,००,००० रुपये. मोठ्या खोलीला स्वतंत्र स्नानगृह आणि एसी. तेथे नाशिक आणि नागपूर. लहान खोलीत नुसता पंखा. तेथे सांगली आणि जळगाव. सर्व खर्चाचे चार सारखे भाग, असे पहिल्या दिवशी तोंडी ठरले.

पहिले दोन महिने काही बिघडले नाही. फेब्रुवारीत विजेचे देयक २१० युनिटांचे, २,२४० रुपयांचे आले. एप्रिलचे देयक आले ते ४७० युनिटांचे, ५,६०० रुपयांचे. चौथा हिस्सा १,४०० रुपये. जळगावने तो मुकाट्याने भरला. परंतु त्या आठवड्यापासून तिने सामाईक दूध आणणे थांबवले आणि ती तिघींबरोबर जेवायला बसेनाशी झाली. तिचा पगार चौघींत सर्वांत कमी. त्यातून ती घरी पैसे पाठवते. पुढे भाचीला कळले की ती स्वस्त पेइंग गेस्टची जागा शोधत आहे. ती गेली असती तर नवी मुलगी मिळेपर्यंत तिच्या हिश्शाचे १५,००० रुपये भाडे उरलेल्या तिघींवर, म्हणजे प्रत्येकीवर दरमहा ५,००० रुपये जादा पडले असते. आणि हे सारे कशावरून, तर जी हवा तिने घेतली नाही त्या हवेच्या पैशांवरून, ज्याबद्दल ती संकोचाने एक शब्दही बोलली नव्हती.

भाची रविवारी घाटकोपरला आमच्याकडे आली. जेवण झाल्यावर तिने हे सांगितले आणि म्हणाली, "मामा, तिला कमी पैसे घे म्हटले तर तिला उपकार वाटतील, आणि मोठ्या खोलीतल्या दोघींना जास्त द्या म्हटले तर त्यांना आरोप वाटेल." मी म्हटले, "उपकारही नको, आरोपही नको. खर्चाच्या जाती वेगळ्या कर. तुम्ही रोजमेळातल्या सगळ्या रकमा एकाच खात्यात खतावल्या आहेत, म्हणून हा घोटाळा झाला." त्या दुपारी आम्ही वही घेऊन बसलो.

पहिली जात भाड्याची. भाडे माणसावर नसते, जागेवर असते. ज्या खोलीत सोय अधिक, तिचे मोल अधिक. ते किती, हे बाहेरच्याने ठरवू नये. भावांच्या वाटणीत एकाने वाटे पाडावेत आणि दुसऱ्याने आधी उचलावा, ही आपली जुनी रीत येथे चपखल बसते. नाशिक आणि नागपूर यांनी दोन्ही खोल्यांचे दर सांगायचे. सांगली आणि जळगाव यांनी कोणती खोली हवी ते सांगायचे. दर सांगणाऱ्याने मोठ्या खोलीचा दर फार कमी ठेवला, तर निवडणारा तीच खोली मागेल आणि सांगणाऱ्याला लहान खोलीत जावे लागेल. फार जास्त ठेवला, तर मोठी खोली स्वतःकडेच राहून भुर्दंड बसेल. म्हणून दर आपोआप खरा निघतो. त्या दोघींनी मोठ्या खोलीसाठी माणशी १६,५०० आणि लहान खोलीसाठी माणशी १३,५०० सांगितले. लहान खोलीतल्या दोघींनी या दराला आपलीच खोली पसंत केली. बेरीज ६०,००० जुळली आणि कोणाला कोणाची समजूत काढावी लागली नाही.

दुसरी जात विजेची. येथे एक बारकावा आहे, जो पुष्कळ घरांत लक्षात येत नाही. अंधेरी-बोरिवलीकडे बहुतेक घरांत अदानीची वीज असते, मुलुंड-भांडुपकडे महावितरणची. परंतु घरगुती दराची रचना सर्वत्र टप्प्याटप्प्याची आहे. पहिली १०० युनिटे सर्वांत स्वस्त. मग १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे, असा दर चढत जातो. वरच्या टप्प्याचा दर त्या टप्प्यातील युनिटांनाच लागतो, आधीच्यांना नाही. म्हणून देयक आणि युनिटे सारख्या प्रमाणात वाढत नाहीत. भाचीच्या घरचेच पाहा. फेब्रुवारीत युनिटामागे सरासरी सुमारे १०.६७ रुपये पडले होते. एप्रिलमध्ये वाढलेल्या २६० युनिटांसाठी ३,३६० रुपये, म्हणजे युनिटामागे सुमारे १२.९२ रुपये पडले. एसीची युनिटे मोजून सरासरी दराने आकारली असती, तरीही पंखेवालीने एसीचा काही भार उचललाच असता.

यासाठी सोपा नियम असा की एसी बंद असतानाच्या महिन्याचे देयक हा पाया मानावा, तो चौघींत सारखा वाटावा आणि त्यावर जे चढेल ते एसी वापरणाऱ्यांनी द्यावे. नागपूरने येथे रास्त हरकत घेतली. उन्हाळ्यात पंखेही अधिक फिरतात आणि फ्रिजही अधिक चालतो. फेब्रुवारीचा आकडा जसाच्या तसा घेतला तर आमच्यावर अन्याय होईल, असे तिचे म्हणणे. ते मान्य करून पाया २,२४० ऐवजी २,४०० धरला. म्हणजे प्रत्येकीचे ६००, आणि उरलेले ३,२०० मोठ्या खोलीतल्या दोघींचे, माणशी १,६००. जळगावचे १,४०० वरून ६०० झाले. हा आकडा तंतोतंत नाही हे चौघींनाही ठाऊक आहे. ज्यांना तंतोतंत हवा त्यांनी एसीच्या जोडणीवर छोटा उपमीटर बसवावा. बिऱ्हाडाला मात्र सर्वांनी आधी मान्य केलेला ढोबळ आकडा पुरतो. एकच काळजी घ्यावी. देयकाचा महिना पंचांगाच्या महिन्याबरोबर संपत नाही, तो मीटर वाचल्याच्या तारखेला संपतो. म्हणून कोणी घर सोडत असेल किंवा नवे येत असेल, तर त्या दिवशी मीटरच्या आकड्याचे छायाचित्र काढून ठेवावे.

तिसरी जात कामवाल्या मावशींच्या पगाराची आणि इंटरनेटची. घरी असो वा नसो, हा खर्च होतोच. तो सारखा वाटावा आणि त्यावर चर्चा करू नये.

चौथी जात किराण्याची, आणि खरी कुरबुर येथेच होते. जो जेवला त्याने द्यावे, हे तत्त्व बरोबर. परंतु कोणी किती पोळ्या खाल्ल्या हे मोजू लागलो तर घर राहणार नाही. म्हणून दोनच गोष्टी ठरवाव्यात: सामाईक यादी कोणती आणि हजेरी कशी धरायची. तांदूळ, कणीक, डाळी, तेल, मसाले, मीठ, साखर, चहा, दूध, स्वयंपाकाचा गॅस आणि साबण-फिनेल हे सामाईक. तूप, फळे, फराळाचे आणि बिस्किटे ज्याची त्याने. कोणी सलग तीन दिवस किंवा अधिक गावी गेले तरच हजेरीतून वजा करायचे. एखाद्या संध्याकाळी बाहेर जेवले तर नाही.

आमची भाची कंदमूळ खात नाही. तीन महिने ती कांदा, लसूण आणि बटाट्याचा चौथा हिस्सा भरत होती. रक्कम किरकोळ म्हणून बोलली नव्हती. मी तिला विचारले, "तू जळगावबद्दल जे सांगितलेस, तेच तुझ्याबाबत घडते आहे ना?" ती हसली. मग कंदमूळ सामाईक यादीतून काढून तिघींच्या नावे लिहिले. तिची कढई आणि तवा वेगळे आणि सकाळी ७ ते ८ ओटा तिचा, कारण ती डबा तेव्हाच करते आणि सूर्यास्तापूर्वी कचेरीतच जेवते. इतर तिघींनी काय खावे यात तिने बोलायचे नाही. घरात मांसाहार शिजवायचा नाही, ही घरमालकांची अट मात्र करारातच होती, त्यामुळे तो प्रश्न उरला नव्हता. आपल्या मुलांच्या बाबतीत हे आवर्जून पाहावे. आहाराची जी अट आहे ती घरात शिरण्यापूर्वी सांगितली तर ती अट असते. सामान लावून झाल्यावर सांगितली तर ती तक्रार ठरते.

हे सारे ठरल्यावर मागचे महिने उकरायचे नाहीत आणि एप्रिलपासूनच नवा नियम लावायचा, असे चौघींनी मान्य केले. १ मे रोजी भाचीने चौघींच्या समूहावर जो संदेश टाकला, तो तिच्या अनुमतीने येथे देतो.

"चौघींना नमस्कार. एप्रिलचा हिशेब आणि घराचे नियम खाली आहेत.

भाडे, मे महिन्यापासून: नाशिक १६,५००, नागपूर १६,५००, सांगली १३,५००, जळगाव १३,५००. प्रत्येकीने ३ तारखेपर्यंत नाशिकच्या खात्यात टाकायचे; ती ५ तारखेपर्यंत मालकांना पाठवेल आणि पावती येथे टाकेल. भाडे इतर हिशेबात मिसळायचे नाही.

वीज ५,६००: पाया २,४००, प्रत्येकी ६००. वरचे ३,२०० नाशिक आणि नागपूर, प्रत्येकी १,६००.

मावशी ३,२०० आणि इंटरनेट ८००: प्रत्येकी १,०००.

किराणा ७,८००: हजेरी नाशिक ३०, नागपूर २०, सांगली ३०, जळगाव २४, एकूण १०४ दिवस. दिवसाला माणशी ७५ रुपये. नाशिक २,२५०, नागपूर १,५००, सांगली २,२५०, जळगाव १,८००.

कांदा-लसूण-बटाटा ४५०: नाशिक, नागपूर, जळगाव प्रत्येकी १५०.

प्रत्येकीचा हिस्सा: नाशिक ५,६००, नागपूर ४,८५०, सांगली ३,८५०, जळगाव ३,५५०. एकूण १७,८५०.

प्रत्येकीने आधी भरलेले: नाशिक ४,०००, नागपूर २,१००, सांगली ६,१५०, जळगाव ५,६००. एकूण १७,८५०.

देणे-घेणे: नागपूरने सांगलीला २,३०० आणि जळगावला ४५० द्यायचे. नाशिकने जळगावला १,६०० द्यायचे. संपले.

नियम: १. सामाईक खरेदीची पावती त्याच दिवशी येथे टाकायची. पावती नसेल तर रक्कम आणि वस्तू लिहायची. २. १,००० रुपयांवरची सामाईक वस्तू विचारून आणायची. ३. पाहुणी राहणार असेल तर आधी कळवायचे. दोन रात्रींपेक्षा जास्त राहिली तर पुढचे दिवस तिला बोलावणारीच्या हजेरीत. ४. रात्री ११ नंतर हॉलमध्ये फोनवर मोठ्याने बोलायचे नाही. ५. घर सोडायचे असेल तर एक महिना आधी सांगायचे. ६. हिशेबावर हरकत दोन दिवसांत येथेच लिहायची, ३ तारखेनंतर तो महिना बंद."

या संदेशातील देण्या-घेण्याच्या ओळी पाहाव्यात. आपण व्यापारी माणसे रकमा परस्पर वळत्या करतो, तेच येथे केले आहे. पूर्वी जी खर्च करी ती लगेच इतरांकडे आपापला हिस्सा मागे. या महिन्यातील खर्च तसेच फेडले असते तर सतरा वेळा पैसे इकडून तिकडे गेले असते, आणि कोणी कोणाला काय दिले हे शेवटी कोणालाच सांगता आले नसते. वळते केल्यावर तीन वेळांत काम झाले. चार माणसांत कितीही खर्च असले तरी तीनपेक्षा जास्त फेडी लागत नाहीत, कारण प्रत्येक फेडीत निदान एकाचे खाते पुरते मिटते आणि शेवटच्या फेडीत उरलेले दोघे एकदमच मोकळे होतात.

हिशेब बरोबर आहे की नाही हे कसे ओळखावे? हिश्श्यांची बेरीज आणि भरलेल्या रकमांची बेरीज सारखी आली पाहिजे. येथे दोन्ही १७,८५० आहेत. त्यानंतर ज्यांना घ्यायचे आहे त्यांची बेरीज आणि ज्यांना द्यायचे आहे त्यांची बेरीज पाहावी. येथे दोन्हीकडे ४,३५० येतात. यांत फरक पडला तर बहुधा एखादी पावती टाकायची राहिलेली असते किंवा एकच खरेदी दोघींनी लिहिलेली असते. फरक सापडेपर्यंत कोणीही पैसे पाठवू नयेत. 'तूर्त एवढे देते, नंतर बघू' म्हटले की पुढच्या महिन्याचा हिशेबही चुकतो. आणखी एक खूण माणसाची असते. सगळ्यांच्या पावत्या येत असताना एकीच्या यायच्या थांबल्या, तर तिचा खर्च थांबलेला नसतो. तिचा विश्वास थांबलेला असतो. त्या वेळी समूहावर न विचारता तिच्याजवळ बसून विचारावे.

या संदेशाची मर्यादाही सांगितली पाहिजे. तो चौघींमधला करार आहे. घरमालकांना तो बांधत नाही. घरमालकांशी असलेले नाते लिव्ह अँड लायसन्सच्या करारावर ठरते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. करारात चौघींची नावे असतील तर चौघी उत्तरदायी. एकीचेच नाव असेल, तर बाकीच्या तिघींनी भाडे थकवले तरी मालक तिलाच विचारतील, आणि अनामत परत घेण्याचा हक्कही कागदोपत्री तिचाच राहील. भाचीच्या घरी चौघींची नावे होती, हे तिच्या वडिलांनी सही करण्यापूर्वी पाहिले होते. तरीही अनामतीचे ५०,००० रुपये प्रत्येकीने दिल्याची नोंद घरात कोठेही नव्हती. ती त्यांनी नियमांत सातवी म्हणून जोडली: मधेच कोणी गेली तर तिच्या जागी येणारी मुलगी तिचे ५०,००० तिला देईल, कारण मालक करार संपण्यापूर्वी चौथा हिस्सा मोडून देत नाहीत, आणि नवीचे नाव करारात आणल्याशिवाय ही देवघेव करायची नाही.

२ मेच्या रात्री जळगावने समूहावर एकच ओळ लिहिली: "हिशेब मान्य, फक्त माझी हजेरी २४ नव्हे २५." भाचीने तिच्या रेल्वे तिकिटाची तारीख दाखवली, ती निघाली त्या दिवशी सकाळी घरी जेवली नव्हती, म्हणून २४ च राहिली. मला ही हरकत फार आवडली. स्वतःवर सुमारे ५७ रुपये अधिक यावेत म्हणून तिने ती घेतली होती. आठवडाभरात ती पुन्हा दूध आणू लागली, आणि जागेचा शोध तिने सोडला.

आपल्या घरून या वर्षी कोणी उपनगरात राहायला जाणार असेल, तर निघण्यापूर्वी एका दुपारी त्याच्यासमवेत बसून खर्चाच्या या चार जाती कागदावर मांडा. पहिला संदेश पहिल्या दिवशी गेला, तर भाचीने तीन महिने गमावले तसे ते त्याला गमवावे लागणार नाहीत.